फरशीवरचा पारा : उचलायचा कसा, द्यायचा कुठे

ताप मोजायचा जुना काचेचा थर्मामीटर हातातून निसटतो, फरशीवर फुटतो आणि चकाकणारे मणी खोलीभर पळतात. घरातली मोठी माणसे सांगतात, "झाडून टाका, काही होत नाही." कुणी म्हणते गंधक टाका, कुणी म्हणते घर सोडून बाहेर पडा, आणि शाळेत पारा तळहातावर खेळवलेला माणूस सांगतो की हे सगळे उगाचच घाबरणे आहे. या सल्ल्यांतले खरे किती आणि खोटे किती, हे ठरवायचे तर आधी त्या काचेत किती पारा होता आणि तो खोलीत नेमके काय करतो, हे पाहायला हवे.

ताप मोजण्याच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड. त्यामुळे ०.७ ग्रॅम म्हणजे एका मिलिलिटरचा जेमतेम विसावा भाग होतो, साडेचार मिलिमीटर व्यासाचा एकच थेंब. तो थेंब हाताला लागला किंवा मुलाने तोंडात घातलेला थर्मामीटर चावून थोडा पारा गिळला, तर पाऱ्याचा धोका फार कमी असतो. निरोगी आतड्यातून धातुरूप पारा शरीरात जवळजवळ शिरतच नाही, शौचावाटे निघून जातो. अशा वेळी खरी चिंता काचेच्या तुकड्यांची करावी. उलटी मात्र करवू नये. तोंडातले तुकडे काढून डॉक्टरांना विचारावे. दिल्लीच्या 'एम्स'मधले राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्रही अशाच प्रश्नांसाठी आहे.

फुप्फुसाची गोष्ट वेगळी. श्वासातून गेलेल्या पाऱ्याच्या वाफेतला सुमारे ८० टक्के भाग शरीरात राहतो आणि तिथून मेंदूपर्यंत पोहोचतो. ही वाफ दिसत नाही, तिला वास नाही, नाक-डोळे चुरचुरत नाहीत. तळहातावर पारा खेळवलेल्या माणसाचा अनुभव खोटा नाही. पण त्याने जोखीम मोजली ती त्वचेवरून, आणि पारा आत शिरतो श्वासावाटे. घरातल्या थोड्याशा पाऱ्याचा सगळा प्रश्न म्हणूनच वाफेचा आहे, आणि वाफ अवलंबून असते ती तीन गोष्टींवर : पारा किती तुकड्यांत विखुरला, खोली किती उकडते आणि हवा किती बदलते.

एक हिशेब मांडून पाहू. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची झोपायची खोली घ्या. तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा असते. ०.७ ग्रॅमचा थेंब फुटून एकेक मिलिमीटरचे मणी झाले, तर जवळपास शंभर मणी होतात. पारा तेवढाच, पण हवेला लागणारा त्याचा पृष्ठभाग मूळच्या थेंबाच्या साडेचार पट. वीस अंशांना स्वच्छ पाऱ्याच्या एका चौरस सेंटिमीटरवरून ताशी सुमारे ५० मायक्रोग्रॅम वाफ निघते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आपल्याकडच्या तीस अंशांच्या खोलीत हा वेग साधारण दुप्पट होतो. शंभर मणी तसेच पडून राहिले आणि खोलीतली हवा तासाला एकदा बदलत असली, तर एका घनमीटर हवेत नऊ-दहा मायक्रोग्रॅम पारा जमतो. जागतिक आरोग्य संघटनेने वर्षभराच्या सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा एक मायक्रोग्रॅमची आहे. अमेरिकेत घरात पारा सांडला की त्या एकाच्या आसपासच्या पातळीला खोली पुन्हा वापरायला मोकळी मानतात आणि दहाच्या वर गेल्यास लोकांना बाहेर काढायचा विचार करतात.

आता असे समजा की नव्वद मणी उचलले आणि दहा फटीत राहिले. खिडक्या उघड्या असतील, तर आकडा एकच्या थोडा आत येतो. पण तीच खोली एसी लावून बंद ठेवली, तर दोन-तीनवर जातो. आणि ते दहा मणी उडून संपायला तीन महिने किंवा त्याहून जास्त लागतात. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. फुटल्या संध्याकाळी घरात थोडा वेळ थांबल्याने मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. तीन महिने त्याच खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्या, रांगणाऱ्या मुलाचे काय, हा विचार करायचा असतो. लहान मुलांना पाऱ्याच्या वाफेने होणारा एक ओळखीचा आजार आहे : हातपाय लाल-गुलाबी होतात, खाज येते, घाम येतो, मूल चिडचिडे होते, रक्तदाब वाढतो. घरात सांडलेला पारा त्यामागे असल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. गरोदर बाईने आणि मुलांनी साफसफाईच्या वेळी खोलीत असू नये, हा नियम याचसाठी.

हे ध्यानात ठेवले की सल्ल्यांची वाटणी सोपी होते. पारा एकत्र आणणारा उपाय चांगला, त्याचे आणखी बारीक तुकडे करणारा किंवा त्याला तापवणारा वाईट.

केरसुणी वाईट. तिच्या काड्या एका मण्याचे दहा करतात, ते कोपऱ्यात ढकलतात, आणि काही काड्यांतच अडकून दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पोहोचतात. व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात वाईट. तो पारा शोषतो, मोटरच्या उष्णतेने तापवतो आणि मागच्या बाजूने वाफ खोलीत फेकतो; नंतर कधीही लावला तरी तेच. ओले पोछे मारून बादली मोरीत ओतणे म्हणजे पारा नजरेआड करणे. तो जड असल्यामुळे बेसिनखालच्या वाकड्या नळीत बसून राहतो. तिथे गेला असेल, तर खाली बादली धरून ती नळी खोलून रिकामी करता येते, आणि एवढी मेहनत घ्यावी. पारा लागलेली चादर वॉशिंग मशीनमध्ये टाकली, तर मशीनही दूषित होते आणि सांडपाणीही. पंखा हा वादाचा मुद्दा आहे. छताचा पंखा वाफ बाहेर काढत नाही, ती खोलीत आणि घरभर फिरवतो, म्हणून बंद. बाहेरच्या बाजूला हवा फेकणारा एक्झॉस्ट मात्र चालू ठेवावा. एसी बंद, कारण तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. घराच्या आतल्या बाजूचे दार बंद करून त्याखाली टॉवेल सारावा आणि बाहेरच्या खिडक्या सताड उघडाव्यात.

गंधकाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो. रसायनशास्त्र त्याच्या बाजूने आहे. पारा आणि गंधक मिळून पाऱ्याचे सल्फाइड होते आणि ते वाफ होत नाही. पण खोलीच्या तापमानाला आणि नुसते वरून भुरभुरले असता ही क्रिया फक्त मण्याच्या पृष्ठभागावर, संथ गतीने घडते. आतला पारा पाराच राहतो. गंधक टाकून पारा "मारला" आणि तिथेच सोडून दिला, असे करू नये. गंधकाचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे. मोठे मणी उचलून झाल्यावर पिवळी पूड पसरली, तर न दिसणाऱ्या मण्यांवर ती तपकिरी पडते आणि राहिलेला पारा कुठे आहे ते कळते. शिवाय फटीतल्या, निघतच नसलेल्या कणांवर तो थर बसल्याने वाफ घटते. पूड नंतर ओल्या कागदाने टिपून पाऱ्याच्या कचऱ्यातच टाकायची. घरात गंधक नसेल, तर ते आणायला कुणाला पिटाळायची गरज नाही. विजेरी आणि चिकटपट्टीने काम होते.

आता काम प्रत्यक्ष कसे करायचे ते. सुरुवातीला एक खात्री करून घ्यावी. सांडलेले पारा आहे ना? लाल किंवा निळा द्रव असेल तर तो रंगवलेला अल्कोहोल, कागदाने पुसून टाका. चंदेरी द्रव असूनही तो गोल मणी होऊन पळत नसेल, उलट काचेला आणि फरशीला चिकटून माखत असेल, तर ते गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचे मिश्रण असावे. अलीकडच्या काही काचेच्या थर्मामीटरांत ते असते आणि त्याची वाफ होत नाही.

पारा असेल तर आधी अंगठ्या, बांगड्या, पाटल्या, मनगटी घड्याळ काढून ठेवावे. वाकल्यावर लोंबणारे मंगळसूत्रसुद्धा. पारा सोन्यात आणि चांदीत मिसळतो. सोन्यावर पांढरा डाग पडतो, आणि तो काढायला सोनार दागिना तापवतो तेव्हा त्याच्या दुकानात पाऱ्याची वाफ होते. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे किंवा फॉइलही वापरू नये, पारा त्याला खातो. हवेत रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे, दोन जाड कागदी कार्डे (लग्नपत्रिका फाडून करता येतात), औषधाचा ड्रॉपर किंवा सुई काढलेली सिरिंज, रुंद चिकटपट्टी, झाकण घट्ट बसणारी जाड काचेची किंवा प्लॅस्टिकची छोटी बाटली आणि झिपच्या दोन-तीन पिशव्या. बाटलीत तळापासून बोटभर पाणी घालावे. पाणी पाऱ्यावर राहते आणि वाफ दाबून ठेवते. रुग्णालयांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या मार्गदर्शनातही सांडलेला पारा पाण्याखाली, न गळणाऱ्या डब्यात ठेवायला सांगितले आहे.

खोलीत चालायची वाट एकच ठेवावी आणि चप्पल तिथेच सोडावी, नाहीतर पारा तळव्यांना लागून दिवाणखान्यात जातो. मोठी काच आधी हाताने उचलून जाड कागदात गुंडाळावी. मग सर्वांत लांबच्या मण्यांपासून सुरुवात करून आतल्या दिशेने यावे. एक कार्ड जमिनीला टेकवून दुसऱ्याने मणी हळूच त्याकडे सरकवायचा. दोन मणी भेटले की आपोआप एक होतात, आणि हाच पाऱ्याचा गुण आपल्या कामी येतो. मोठा झालेला मणी ड्रॉपरने ओढून बाटलीत सोडावा. घाई करून ड्रॉपर जोरात दाबला, तर मणी उडतो.

डोळ्यांनी सगळे संपले असे वाटले की दिवे मालवावेत आणि विजेरी फरशीशी जवळजवळ आडवी धरून प्रकाश सारावा. टाचणीच्या टोकाएवढे कण या तिरप्या उजेडात लुकलुकतात. उभ्याने वरून पाहिले तर एकही दिसत नाही. पलंगाचे पाय, स्कर्टिंगची कड, दाराच्या चौकटीचा तळ, दोन फरशांमधली सांध, पायपुसणे, या जागा अशाच तपासाव्यात. अशा कणांवर चिकटपट्टी दाबून उचलावी. सांधीत गेलेल्यांसाठी दाढीच्या साबणाचा फेस मऊ ब्रशवर घेऊन टेकवला तर कण फेसाला लागून येतात. मग फेस ओल्या कागदावर पुसायचा. हे सगळे कागद, पट्ट्या, कार्डे, ड्रॉपर, हातमोजे झिपच्या पिशवीत, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.

गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर हे काम तासाभरात होते. कोटा दगड, जुनी चिरलेली शहाबादी, लाकडी पाटांची जमीन यांत पारा फटींतून खाली उतरतो आणि तिथे पूर्ण साफ झाले असे म्हणता येत नाही. तिथे गंधकाची पूड फटीत भरणे, आणि खोली उकडत असेल तर काही आठवडे मूल तिथे न झोपवणे, एवढे हाती असते. गादी, गोधडी, गालिचा यांबाबत मते वेगळी आहेत. कडक सल्ला सांगतो की पारा मुरलेले कापड कापून फेकावे. मला वाटते, मणी कापडावर वरच राहिले असतील आणि कार्डाने निघाले असतील, तर गादी आठवडाभर गच्चीवर सावलीत, वाऱ्यावर ठेवून परत वापरायला हरकत नाही, मात्र मुलाच्या खाली नको. शिवणीत किंवा कापसात पारा शिरला असेल, तर तेवढा भाग काढून टाकावा. उन्हात आपटून काढण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती इथे उलटी पडते. आपटल्याने मणी फुटतात.

साफसफाईनंतर खोली किमान एक दिवस, आतले दार बंद आणि खिडक्या उघड्या ठेवून वाऱ्यावर सोडावी. पुढचा आठवडाभर रोज एकदा आडवी विजेरी फिरवावी. वाफ मोजायचे उपकरण घरात कुणाकडे नसते, आणि एका थर्मामीटरसाठी ते मागवायची गरजही नसते. रक्तदाब मोजायच्या जुन्या उभ्या यंत्राचे मात्र तसे नाही. त्यात ६० ते १०० ग्रॅम पारा असतो, म्हणजे थर्मामीटरच्या शंभरपट. ते यंत्र फुटले तर वर सांगितलेली घरगुती पद्धत पुरत नाही. खोली बंद करून बाहेर पडावे आणि अग्निशमन दल किंवा महापालिका यांच्याकडे विचारणा करावी.

बाटली भरली, पण ती द्यायची कुठे? या प्रश्नावर लोक सर्वांत कमी बोलतात, आणि नेमकी तिथेच वर केलेली सगळी मेहनत पाण्यात जाऊ शकते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत 'घरगुती घातक कचरा' असा वर्ग होता, आणि त्याच्या व्याख्येत मुदत संपलेली औषधे, ट्यूबलाइट, वापरलेल्या सुया यांच्यासोबत 'तुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर' असा स्पष्ट उल्लेख होता. घरातल्यांनी तो वेगळा ठेवायचा आणि स्थानिक संस्थेने दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र उभारायचे, असे त्या नियमांत लिहिले होते. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्याचे वेगळे संकलन सुरू केले. सोसायट्यांनी त्यासाठी नोंदणी करायची असते. आपल्या शहरात अशी सोय आहे का, हे वॉर्डातल्या घनकचरा विभागात विचारावे. विचारताना "थर्मामीटर फुटला" एवढेच न सांगता "घरगुती घातक कचऱ्यातला पारा आहे" असे सांगितले, तर बोलणे पुढे सरकते.

ते नाही जमले तर पुढचा पर्याय म्हणून बहुतेकांना दवाखाना सुचतो, आणि इथे एक सावधानता हवी. बाटली नुसती पिवळ्या पिशवीत टाकली जाणार असेल, तर देऊ नये. पिवळ्या पिशवीतला जैववैद्यकीय कचरा भट्टीत जळतो, आणि पारा भट्टीत जळत नाही, वाफ होऊन धुराड्यातून निघतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियमही पाऱ्याचा कचरा वेगळ्या नियमांप्रमाणे हाताळायला सांगतात. मोठ्या रुग्णालयात पाऱ्याचा स्वतंत्र डबा असेल आणि तो घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राला जात असेल, तर तिथे देणे योग्य. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी सामायिक केंद्रे आहेत. घरातल्या माणसाने थेट तिथे जाण्यात अर्थ नाही, पण आपली बाटली शेवटी तिथेच पोहोचायला हवी, हे डोक्यात ठेवून मधला दुवा निवडावा. जवळच्या विज्ञान महाविद्यालयाची रसायन प्रयोगशाळा हाही एक चांगला दुवा ठरू शकतो, कारण त्यांना पाऱ्याची सवय असते आणि त्यांचा घातक कचरा वेगळा जातो. आधी फोन करून होकार घ्यावा.

पारा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकला तर तो घंटागाडीत दाबला जातो, बाटली फुटते, आणि कचरा उघड्या हातांनी वेगळा करणाऱ्या बाईच्या हाती लागतो. डेपोवर आग लागली की हवेत जातो. भंगारवाल्याला द्यायचा तर कोडाईकॅनाल लक्षात ठेवावे. तिथे हिंदुस्तान लिव्हरच्या थर्मामीटर कारखान्यातली पाऱ्याने माखलेली काच गावातल्या भंगाराच्या दुकानात सापडली, हे २००१ मध्ये उघड झाले. कारखाना बंद पडला, आणि २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवावा लागला. मोरीत ओतला किंवा परसात पुरला, तर पाणथळ चिखलातले सूक्ष्मजीव त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करू शकतात, आणि हा प्रकार आतड्यातून सहज शोषला जातो, माशांत साठतो. धातुरूप पारा गिळला तर निघून जातो, माशातला मात्र राहतो.

कुणीच घेत नसेल, तर घरात ठेवणे हा पर्याय लोकांना भीतिदायक वाटतो, पण वरच्या सगळ्या चुकीच्या वाटांपेक्षा तो कितीतरी सुरक्षित आहे. पाणी असलेली बाटली, झाकणाभोवती चिकटपट्टी, ती बाटली रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत, बरणीत पिशवीतला बाकीचा कचरा. वर जाड अक्षरात "पारा. फुटलेला थर्मामीटर. उघडू नका" आणि तारीख. स्वयंपाकघर, देवघर आणि मुलांच्या हाताची उंची सोडून, ऊन लागणार नाही अशा जागी ती महिनोन्महिने राहू शकते. पाणी आटले का, हे अधूनमधून बाहेरूनच पाहावे.

हेच काम न फुटलेल्या थर्मामीटरचेही आहे, आणि ते आज करता येते. मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मंजूर केला आणि पाऱ्याची उत्पादने वापरण्याची सवलत २०२५ पर्यंत घेतली होती. डिजिटल थर्मामीटर औषधांच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तरीही औषधांच्या डब्यात, बाळंतिणीच्या सामानात, आजोबांच्या टेबलाच्या खणात जुना काचेचा थर्मामीटर पडून असतो. तो त्याच्या कव्हरात घालून, कव्हर कापसात गुंडाळून, झाकणाच्या प्लॅस्टिक नळीत ठेवावा आणि पुढच्या वेळी घातक कचऱ्याची गाडी येईल किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कुणी ओळखीचे भेटेल, तेव्हा अख्खा द्यावा. अख्खा थर्मामीटर द्यायला एक फोन आणि एक चक्कर पुरते. फुटलेल्याची सगळी संध्याकाळ जाते.